फिकट अक्षरं की भरलेली अक्षरं?

फॉर्मच्या स्क्रीनशॉटवरून नोंद उतरवताना चौकटीतली गडद अक्षरं, म्हणजे माणसाने टाइप केलेली, चुकांसकट जशीच्या तशी घ्यावीत. जन्मतारखेत फिकट DD/MM/YYYY दिसलं तर तो नुसता नमुना. नोंदीत ती चौकट रिकामीच. मोबाइलच्या चौकटीतला फिकट 9876543210 मात्र हमखास फसवतो, कारण तो खऱ्या नंबरसारखाच दिसतो. शेजारच्या भरलेल्या चौकटीशी रंग ताडून पाहा.

पण करड्या पार्श्वभूमीच्या बंद चौकटीतलं, पिनकोडवरून आपोआप आलेलं ‘सातारा’ फिकट असलं तरी खरी माहिती आहे, ते घ्यायचंच. फॉर्मचाच मराठी अनुवाद करायचा असेल, तर नमुन्याची अक्षरंही हवीत, ‘नमुना’ अशी खूण करून.