ऋतू आणि हवामान तक्ता: पहिलीच्या वर्गात जून ते मार्च वापरल्यावरचा अनुभव

मी सांगोला तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीचा वर्ग घेते. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा हा तक्ता भिंतीवर लावला आणि आता मार्च संपत आलाय. विकत घेण्याआधी मला हवी होती ती माहिती कुठेच मिळाली नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तक्त्यात वरच्या बाजूला तीन मोठी चित्रं आहेत. उन्हाळ्याला माठ नि आंबे, पावसाळ्याला छत्री नि बेडूक, हिवाळ्याला स्वेटर नि शेकोटी. खाली महिन्याचं पान लटकवायचं, त्यावर 31 चौकोन. रोज एका चौकोनात ऊन, ढग, पाऊस, वारा किंवा थंडी यांपैकी एक चिकटचित्र लावायचं. छपाई छान आहे, रंग अजून उडालेले नाहीत. चिकटचित्रं मात्र ऑगस्टपर्यंत गळायला लागली. आता मुलं तेलखडूने चौकोनातच चित्र काढतात आणि मला ते जास्त आवडतं, कारण चित्र काढायचं म्हणजे आधी आभाळाकडे नीट बघावं लागतं. पानांना लॅमिनेशन करू नका, त्यावर तेलखडू उठत नाही आणि मार्कर मुलांच्या बाहीने पुसला जातो. तक्ता लावायचा तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आपल्या नाही.

आता खरा मुद्दा, चौकोन भरायचा कसा. दिवस एक आणि चौकोन एक, पण हवा दिवसभरात तीनदा बदलते. सूचनापत्रिकेत याबद्दल काही नाही. आमची शाळा साडेदहाची, म्हणून परिपाठ झाला की ओळीतूनच सगळे अंगणात थांबतात, वर बघतात, आणि त्या दिवशीचा मॉनिटर चौकोन भरतो. शाळेच्या अंगणातून दिसेल तेवढंच मोजायचं, हा नियम पहिल्याच आठवड्यात करावा लागला. वस्तीवरची मुलं सांगायची, "बाई, आमच्याकडं लई आला." गावातली म्हणायची, "थेंब न्हाई पडला." दोघांचंही खरं होतं, आमच्याकडे एका शिवारात सर पडते आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. रविवारचा चौकोन आम्ही कोराच ठेवतो.

जुलैअखेर चौकोन मोजले. एकेका चित्रासाठी घोटीव कागदाचा एकेक तुकडा एकावर एक लावून मनोरे केले. ढगांचा मनोरा 15 तुकड्यांचा झाला आणि पावसाचा 6. एक मुलगी मनोऱ्याला बोट लावून म्हणाली, "मग ह्यो ढगाळा म्हणायचा की." तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत नैर्ऋत्येच्या वाऱ्यातला बराच पाऊस घाटमाथ्यावरच पडून जातो. आमच्या वाट्याला जुलैत ढग, सोसाट्याचा वारा आणि भुरभुर येते. तक्त्यावरचा छत्री-बेडूकवाला पावसाळा कोकणातल्या मुलांना ओळखीचा वाटेल. आमच्या मुलांना स्वतःचा पावसाळा दिसला तो खालच्या चौकोनांत.

आमचा जोराचा पाऊस सप्टेंबरचा, आणि नेमका तिथे तक्ता गडबडला. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर ढग दाटून येतात, संध्याकाळी गडगडाटासह पाऊस. साडेदहाला बघून भरलेल्या चौकोनांत ओळीने सूर्य काढलेले, आणि बाहेर ओढा वाहतोय. पान बघणाऱ्याला वाटावं की सप्टेंबर कोरडा गेला. तेव्हापासून आम्ही एक खूण वाढवली. सकाळी आल्यावर जमीन ओली असेल, डबकी साचली असतील, तर कालच्या चौकोनाच्या कोपऱ्यात निळा ठिपका. हवामान खातंही पावसाची नोंद सकाळी साडेआठला, मागच्या 24 तासांची घेतं, त्यामुळे ही पद्धत पुढच्या वर्गातही उपयोगी पडेल. ठिपके धरून मोजल्यावर सप्टेंबरचा मनोरा जुलैच्या वर गेला. मात्र चौकोनातून पाऊस पडला की नाही एवढंच कळतं, किती पडला ते कळत नाही. त्यासाठी सरळ उभ्या कडांचा डबा अंगणात ठेवून पट्टी बुडवली, तर बोटभर आणि पेरभर यातला फरक सहा वर्षांच्या मुलालाही दिसतो.

पुढची अडचण ऑक्टोबरची. तक्त्यात महिन्यांची वाटणी छापलेली आहे: फेब्रुवारी ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते जानेवारी हिवाळा. 1 ऑक्टोबरला हिवाळ्याचं चित्र दाखवलं तर मुलं घामाने निथळत होती. "बाई, हिवाळा कुठं आलाय? पंखा लावा की." मी महिन्यांच्या पट्टीवर कोरा कागद चिकटवला आणि कपडे वाळत घालायचा चिमटा तक्त्याच्या वरच्या कडेला लावला. चालू ऋतूच्या चित्रावर चिमटा, आणि तो कधी हलवायचा ते चौकोन बघून वर्गाने ठरवायचं. पाऊस उघडला तरी हिवाळा लागला नव्हता, म्हणून चिमटा बरेच दिवस दोन चित्रांच्या मध्ये राहिला. त्याच काळात शिवारात ज्वारीची पेरणी चालू होती, मुलं घरून ती बातमी आणत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर स्वेटर घालून मुलं यायला लागली, तेव्हा चिमटा हिवाळ्यावर गेला. माझ्या मते या तक्त्याचा सगळ्यात चांगला उपयोग या चिमट्यानेच झाला. ऋतू तारखेला उडी मारून बदलत नाही, हे सांगून पटत नाही, पण चिमटा मध्ये अडकलेला बघून पटतं.

थंडीच्या चित्राबद्दल थोडं. ऊन, ढग, पाऊस डोळ्यांना दिसतात, थंडी अंगाला लागते. ज्याच्या अंगात स्वेटर तो म्हणतो थंडी, बाकीचे म्हणतात ऊन. आम्ही सगळ्यांना व्हरांड्यातल्या फरशीवर अनवाणी उभं करतो. फरशी गार लागली म्हणणाऱ्यांचे हात जास्त आले तर थंडी.

मार्चपासून शाळा सकाळची झाली आणि साडेसातच्या गारव्यात पुन्हा स्वेटरची चित्रं यायला लागली, ती पण उन्हाळ्यात! आता चौकोनाला तिरकी रेघ मारून दोन भाग करतो, वरचा शाळेत आल्यावर, खालचा शाळा सुटताना. वर स्वेटर आणि खाली सूर्य अशा जोड्या पानभर झाल्या. त्या बघूनच मुलांनी चिमटा उन्हाळ्यावर नेला. दोन भागांची सोय छपाईतच असती तर सप्टेंबरचाही प्रश्न सुटला असता. चौकोन लहान असल्यामुळे अर्ध्या भागात चित्र काढताना बारीक हातांची तारांबळ होते, तेव्हा बनवणाऱ्यांनी चौकोन दीडपट तरी करावेत.

मोठी उणीव उन्हाळ्याचीच राहते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, वळवाच्या सरी येतात, आणि तेव्हा शाळेला सुट्टी. म्हणून मेच्या पानाची झेरॉक्स प्रत्येक मुलाबरोबर घरी देणार आहे. दारातून दिसेल तेवढं आभाळ, सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा.

घरी एकाच मुलासाठी घेणार असाल तर महिन्याची पानं पुरतात, वरच्या चित्रांचा मोठा भाग नसला तरी चालेल. वर्गासाठी घेत असाल तर जरूर घ्या, फक्त चिकटचित्रांच्या भरवशावर राहू नका. तेलखडूची पेटी आणि एक चिमटा सोबतच आणून ठेवा.