वॉरंटीची अ‍ॅप्स की गुगल ड्राइव्ह? बॅटरीच्या कार्डावर घेतलेली परीक्षा

खानापूरच्या आमच्या काकांनी १२ ऑगस्ट २०२१ ला इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी घेतली. कार्डावर वॉरंटी होती ३६ + २४ महिने. चुलतभावानं हौसेनं वॉरंटी सांभाळायचं एक अ‍ॅप घेतलं, बिलाचा फोटो टाकला आणि शेवटच्या तारखेच्या रकान्यात ऑगस्ट २०२६ भरून मोकळा झाला. जुलै २०२४ मध्ये बॅकअप चार तासांवरून एका तासावर आला. "अजून दोन वर्षं आहेत की!" म्हणत सगळे निवांत. गणपती झाल्यावर दुकानात गेले, तर पहिले ३६ महिने ११ ऑगस्टलाच संपलेले. त्या ३६ महिन्यांत बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढच्या २४ महिन्यांत फक्त नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते, आणि तीही दिवस जातील तशी कमी होत जाते. जुलैतच तक्रार नोंदवली असती तर काकांचे पैसे वाचले असते.

म्हणून अ‍ॅप निवडताना मी आधी एवढंच बघते: एका वस्तूला दोन तारखा लावता येतात का? फ्रिजचंही तेच असतं, पूर्ण फ्रिजची वॉरंटी बहुधा एक वर्षाची आणि कॉम्प्रेसरची दहा वर्षांपर्यंत.

वॉरंटीसाठीच बनवलेली अ‍ॅप्स इथंच अडखळतात. दिसायला ती छान असतात, वस्तूचा फोटो, बिल, सर्व्हिसची तारीख सगळं एका पानावर मिळतं. पण बऱ्याच ठिकाणी शेवटच्या तारखेचा रकाना एकच असतो. मग "बॅटरी फुकट" आणि "बॅटरी सूट" अशा दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात. दुसरी भीती अ‍ॅपच बंद पडण्याची. फ्रिज दहा वर्षं टिकेल, अ‍ॅप टिकेलच असं नाही. सगळी बिलं एकदम बाहेर काढून घेण्याची सोय नसेल तर मी तरी तिथं काही ठेवणार नाही.

कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपचा फायदा म्हणजे सर्व्हिसची तक्रार तिथूनच करता येते. पण एलजीच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या कंपनीची बॅटरी मावत नाही. चार कंपन्यांच्या चार वस्तू म्हणजे चार अ‍ॅप्स, आणि सासूबाईंच्या फोनमध्ये तेवढी जागाच नसते!

डिजीलॉकरबद्दल खूपजण विचारतात. स्वतःची कागदपत्रं तिथं चढवता येतात, पण सर्व्हिसच्या तारखेची आठवण ते करून देत नाही. आधार, लायसन्ससाठी ते उत्तम आहे. बॅटरीसाठी नको.

मी काकांना शेवटी गुगल ड्राइव्ह आणि गुगल कॅलेंडरच लावून दिलं. ड्राइव्हच्या स्कॅनरनं बिल आणि कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पीडीएफमध्ये घेतल्या. बिल निपाणीचं असो की कोल्हापूरचं, छापील असेल तर त्यातला शब्द टाकून ते सापडतं. हातानं लिहिलेल्या बिलाचा मात्र भरवसा नाही, म्हणून फाइलच्या नावातच तारीख आणि वस्तू घातली:

`2021-08-12_battery_bill_card.pdf`

फोल्डर पुण्यातल्या मुलाबरोबर शेअर केला. दुकानातल्या थर्मल कागदाची अक्षरं उन्हानं आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात उडून जातात, त्यामुळं स्कॅन घरी पोचल्या दिवशीच करायचा. मूळ कार्ड मात्र टाकायचं नाही. दुकानाचा शिक्का आणि बॅटरीवरचा नंबर कार्डाशी जुळवून बघतात, नुसता फोटो काही ठिकाणी चालत नाही.

कॅलेंडरमध्ये एक खोच आहे. सूचना जास्तीत जास्त चार आठवडे आधी लावता येते. म्हणून मी नोंदच आधीची करते. काकांच्या बॅटरीसाठी ती १० जूनला असायला हवी होती, "बॅकअप मोजा, कमी असेल तर या महिन्यातच तक्रार" अशी. दोन महिने हातात राहिले असते. दुसरी नोंद दर तीन महिन्यांनी येते, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची. उन्हाळ्यात मी ती दर महिन्याला करते.

गैरसोय आहेच. सगळं हातानं भरावं लागतं, आणि घरात दहा-बारा उपकरणं असतील तर कंटाळा येतो. तेवढी उपकरणं असतील, आणि दोन तारखा घेणारं, बिलं परत बाहेर काढू देणारं अ‍ॅप सापडलं, तर ते खुशाल घ्या.

काकांनी सूट घेऊन नवी बॅटरी आणली. पहिल्या टप्प्यात बॅटरी बदलून मिळते तेव्हा सहसा नव्या बॅटरीला जुन्या वॉरंटीतले उरलेलेच महिने मिळतात, पण काकांची तर पैसे देऊन आणलेली. म्हणून नवं कार्ड पूर्ण भरून, शिक्का मारून घ्यायला सांगितलं. कॅलेंडरमधली जुनी नोंद पुसून नवी तारीख चुलतभावानंच घातली, या वेळी दोन.