एजीएमचा ठराव: बॅलन्स शीट आणि ऑडिटर एकाच दोरीत बांधायचे की वेगळे?

सप्टेंबर आला की आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांचे फोन सुरू होतात, "अरे तुमचा एजीएमचा ड्राफ्ट पाठव की जरा." मी पाठवतो. पण हल्ली त्यासोबत एक सांगणं असतं, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. लहान प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांसाठी आहे हे, घरातलेच सहा-सात शेअरहोल्डर असलेल्या. लिस्टेड कंपन्यांचं गणित वेगळं.

प्रश्न एवढाच की वार्षिक सभेत हिशोब मंजूर करायचा आणि ऑडिटर नेमायचा, हे दोन्ही एका ठरावात घ्यायचं का दोन. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून एकच ठराव होता, "३१ मार्च अखेरचा ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि अहवाल स्वीकारण्यात येत आहेत आणि अमुक यांची ऑडिटर म्हणून नेमणूक करण्यात येत आहे". एक सूचक, एक अनुमोदक, हात वर, चहा. खोटं कशाला बोलू, सोयीचं होतं ते. कायद्यानं अडवलेलंही नाही म्हणजे. कंपनी कायद्याच्या कलम १६२ मध्ये दोन डायरेक्टर एका ठरावात नेमायला बंदी आहे, तीसुद्धा सभेनं आधी एकमतानं मान्य केलं तर उठते आणि प्रायव्हेट कंपन्यांना २०१५ पासून लागूच नाही, पण हिशोब आणि ऑडिटर एकत्र घेऊ नका असं काही तिथं लिहिलेलं नाही. नवरा-बायको दोघांचीच कंपनी असेल तर चालवा बापडे, मी काही भांडणार नाही.

आमचं बिनसलं ते २०२४ ला. सभा २८ सप्टेंबरची, शनिवार, सकाळी ११. सात मेंबर, सगळे हजर. त्या वर्षी ऑडिटरची पाच वर्षं संपत होती, म्हणजे नेमणूक खरोखरच करायची होती, त्याच सीए साहेबांची पुन्हा. आमच्या साइजच्या प्रायव्हेट कंपनीला रोटेशन, म्हणजे ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलायची सक्ती, लागत नाही त्यामुळे त्यात अडचण नव्हती. अडचण काढली काकांनी, सुताच्या स्टॉकवरनं. गोडाऊनमध्ये जुनं सूत पडलेलं, साधारण नऊ लाखांचं, आणि बॅलन्स शीटमध्ये ते खरेदीच्या भावानं धरलेलं. काका म्हणाले, बाजारात आज त्याचे सहासुद्धा कोण देणार नाही, तर नऊ कशाला दाखवताय. आता स्टॉकचा नियम खरेदी किंमत आणि विकून हातात येणारी किंमत यातली जी कमी ती धरायची असाच आहे, त्यामुळे काका काही वेड्यासारखं बोलत नव्हते. आम्ही म्हटलं ते सूत ऑर्डरला लागणार आहे, त्याचे टॉवेल होऊन खर्च निघतोय, म्हणून तसं धरलंय. काकांना पटलं नाही. ठीक आहे, विरोध नोंदवा म्हणाले.

आणि इथं दोरी पायात आली. ठराव एक, त्यामुळे हात वर करायचा तोही एकदाच. काकांनी विरोधात हात केला, बाकी सहा बाजूने, ठराव पास. पण मिनिट्समध्ये काय आलं, तर "हिशोब स्वीकारणे व ऑडिटर नेमणे या ठरावास एका सभासदाचा विरोध". सीए साहेब स्वतः सभेला बसलेले, तरी पंधरा दिवसांनी कागदावर हे वाचल्यावर त्यांचा फोन आला, "काकांचा माझ्या नेमणुकीला विरोध होता होय? मला तर स्टॉकचंच कळलं होतं." काका म्हणतात मी ऑडिटरविरुद्ध शब्द काढला नाही, मिनिट्स दुरुस्त करा. आता करणार काय, मतदान तर त्याच ठरावावर झालेलं! दोघांची चाळीस वर्षांची ओळख, दिवाळीला एकमेकांकडे फराळाला जाणारी माणसं, आणि दोन महिने मी मध्ये निरोप्या. सभेतच अध्यक्षांनी ठरावाचे दोन तुकडे करून वेगवेगळं मत घेतलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं, पण तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

घरी येऊन विचार केला की काकांच्या बाजूला अजून तीन हात असते तर? ठराव पडला असता, म्हणजे दोन्ही गोष्टी पडल्या असत्या. तसंही आभाळ कोसळत नाही म्हणा. हिशोब न स्वीकारलेल्या अवस्थेतच सभेपासून ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे AOC-4 फॉर्ममध्ये भरता येतात, आणि नवी नेमणूक झाली नाही तर कलम १३९(१०) नं जुनाच ऑडिटर चालू राहतो. पण सुताच्या भावावरनं भांडण, आणि ऑडिटर उगीच लटकलेला, ह्याला काय अर्थ.

दुसरी एक गोष्ट मला नंतर कळली, आणि खरं सांगायचं तर ती जास्त घातक वाटते. हिशोब दरवर्षी येतात, ऑडिटर पाच वर्षांतून एकदा. पूर्वी दरवर्षी सभेत नेमणुकीवर शिक्कामोर्तब करावं लागायचं, ते ७ मे २०१८ पासून काढून टाकलंय. पण एकत्र ठराव असला की माणूस गेल्या वर्षीची फाईल कॉपी करतो, तारीख बदलतो, आणि ऑडिटरचं वाक्य दरवर्षी पुन्हा आत येतं. आमच्या २०२२ च्या ठरावात "पुढील वार्षिक सभेपर्यंत" असं लिहिलेलं सापडलं मला, आणि २०१९ ला ऑडिटरच्या नेमणुकीसाठी भरलेल्या ADT-1 फॉर्ममध्ये मुदत पाच वर्षांची! कर्जाच्या रिन्यूअलला बँकेनं दोन्ही मागितले असते तर मी काय तोंड दाखवलं असतं.

वेगळ्या ठरावांत हे आपोआप टळतं. पहिला ठराव फक्त हिशोबाचा. दुसरा, ज्या वर्षी गरज असेल त्याच वर्षी, फक्त ऑडिटरचा: कोण, किती काळ, फी कशी. काळ लिहिताना जरा सांभाळा. कायदा म्हणतो सहाव्या एजीएमच्या समाप्तीपर्यंत, पण ज्या सभेत नेमलं तीच पहिली मोजायची. म्हणजे २०२४ ला नेमला तर २०२९ च्या सभेपर्यंत, हिशोबाची वर्षं २०२४-२५ ते २०२८-२९. फीचा आकडा मी ठरावात टाकत नाही, "संचालक मंडळ ऑडिटरशी बोलून ठरवेल" एवढंच, नाहीतर फी वाढवायची झाली की परत सभेपुढे जा. आणि ऑडिटरचं संमतीपत्र आणि पात्रतेचं सर्टिफिकेट सभेच्या आधी हातात असू द्या. ADT-1 ला सभेपासून १५ दिवसच मिळतात, आमचे १३ ऑक्टोबरला संपत होते, आणि उशीर झाला की फी पटीत वाढते.

वेगळ्याचा तोटा? नोटीसमध्ये एक ओळ जास्त, सूचक-अनुमोदकाची एक जोडी जास्त. तुमच्याकडे सगळे गुण्यागोविंदानं सह्या करत असतील तर तुम्हाला हे फुकटचं काम वाटेल, आणि वाटू दे, माझं काही म्हणणं नाही. पण काका प्रत्येक घरात असतो हो एखादा.

२०२५ च्या सभेत काकांनी परत सुताचा विषय काढला, विरोध नोंदवला, सीए साहेबांच्या शेजारी बसूनच. नंतर दोघांनी एकाच ताटातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली. ऑडिटरचा विषय अजेंड्यावर नव्हताच.