रजेनंतर गावाहूनच काम करायचंय: निघण्याआधी विचारू की तिकडे पोचल्यावर?

रजा मंजूर झालीये, बॅगा भरायच्यात, आणि मग डोक्यात किडा वळवळतो की एवढ्या लांब जातोच आहोत तर रजा संपली की लगेच कशाला परतायचं, पुढचे दोन-तीन आठवडे तिकडूनच काम करू की. मॅनेजरला विचारायचंय हे नक्की, पण कधी? मी दोन्ही करून बसलोय. एकदा गावी पोचल्यावर मेल टाकला, आणि पुढच्या वेळी निघायच्या तीन आठवडे आधी विचारलं.

आधी पोचल्यावर विचारण्याबद्दल, कारण बहुतेकांचा कल तिकडेच असतो आणि त्यामागचं कारण अगदीच फालतू नाहीये. भीती ही असते की आत्ता विषय काढला तर मॅनेजर मंजूर झालेल्या रजेकडेच परत बघेल, "अरे म्हणजे तू एवढे दिवस नसणार?" म्हणेल आणि हातातलंही जाईल. शिवाय तिकडे गेल्यावर नेट कसं चालतंय, घरात बसायला शांत जागा आहे का हे डोळ्यांनी दिसतं, मग खात्रीने सांगता येतं. हा फायदा खरा आहे.

पण माझं काय झालं ते बघा. दहा दिवसांची रजा, सातव्या दिवशी मेल टाकला. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी "एचआरला विचारून सांगतो" एवढंच लिहिलं. परतीचं तिकीट रविवारचं, आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत उत्तर नाही, म्हणजे तिकीट रद्द करायचं की नाही हे मला उत्तर यायच्या आधीच ठरवावं लागलं. मी रद्द केलं आणि शनिवारी तसं कळवलं, आणि तिथेच चुकलो, कारण आता ती विनंती राहिलीच नव्हती, मी ठरवून मोकळा झालोय आणि याने फक्त मान डोलवायची असा प्रकार झाला. त्याने दोन आठवडे दिले, पण कसे दिले ते पुढचे दोन महिने जाणवत होतं.

त्यात सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर रजेच्या काळात पासवर्डची मुदत संपलेली. नवा पासवर्ड ठेवायला ऑफिसचं नेटवर्क हवं, बाहेरून नेटवर्कात शिरायला व्हीपीएन हवं, आणि व्हीपीएनला चालू पासवर्ड हवा. हेल्पडेस्कने सोडवलं पण अर्धा दिवस गेला, आणि त्या अर्ध्या दिवसात चॅटवर मी गायब. वरून हजेरीच्या सिस्टिममध्ये वर्क फ्रॉम होमची विनंतीच टाकलेली नव्हती म्हणून तीन दिवस गैरहजर लागले, ते नंतर दुरुस्त करून घेतले. लॅपटॉप बरोबर नेला होता हे नशीब, रजेवर जाताना कित्येक जण तो ऑफिसच्या लॉकरमध्येच ठेवून जातात.

दुसऱ्या वेळी आधी विचारलं. रजा परत उघडली जायची भीती तेव्हाही होतीच, म्हणून एक केलं की रजेच्या अर्जाला हातच लावला नाही. रजा दोन तारखेपासून तेरा तारखेपर्यंत मंजूर, ती तशीच. सोळा तारखेपासूनची विनंती पूर्ण वेगळी, आणि आधी समोरासमोर बोललो, मेल नंतर. मेल साधारण असा होता: "माझी रजा ठरल्याप्रमाणे 13 ला संपते. 16 पासून 3 आठवडे गावाहून काम करायची परवानगी हवी आहे. 16 ला सकाळी नेहमीच्या वेळी लॉगिन करेन, टीमच्या सगळ्या मीटिंगना असेन. पहिल्या आठवड्यात चाचणीचा रिपोर्ट पूर्ण करतो, दुसऱ्यात नवीन मॉड्यूलचं डिझाइन. 6 तारखेला ऑफिसला हजर." यात पहिल्या आठवड्याच्या कामाचं नाव होतं हे महत्त्वाचं, कारण रजेहून आल्यावरचा पहिला आठवडा तसाही मेल वाचण्यात जातो आणि मॅनेजरला ते माहीत असतं. "कॅच अप करेन" लिहिलं तर तो त्याला जास्तीची रजाच समजणार.

तरी तीन नाही, दोनच आठवडे मिळाले. त्याने हिशोब मांडून दाखवला तेव्हा मला कळलं की आपण मोजतो तीन आठवडे, तो मोजतो पाच. त्याच्या दृष्टीने खुर्ची रजेच्या पहिल्या दिवसापासून रिकामी आहे, आणि तिसऱ्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. म्हणून मागायच्या आधी टीमचं कॅलेंडर बघा, आणि रजा धरून एकूण किती आठवडे होतात तो आकडा स्वतःच तोंडाने सांगा, नंतर त्याने मोजला तर तो मोठा वाटतो.

(त्यानेच एक सुचवलं जे मला सुचलं नव्हतं: आधी गावाहून काम, मग रजा. काम डोक्यात ताजं असतं, पासवर्डचा घोळ होत नाही, आणि आठवडाभर नीट काम दिसलं की मग रजेवर जाताना कोणी कुरकुर करत नाही. माझ्या घरी लग्नाची तारीख पक्की होती म्हणून जमलं नाही, पण तुमच्या तारखा हलणार असतील तर विचार करा.)

आधी विचारण्यातला खरा तोटा नेटचा, बघितल्याशिवाय शब्द कसा द्यायचा. त्यावर उपाय म्हणजे घरच्या कोणाला तरी मीटिंगच्या वेळेलाच स्पीड टेस्ट करायला सांगायचं, भर दुपारी नाही, कारण संध्याकाळी सगळे नेटवर असले की तोच कनेक्शन रांगतो. आणि अपलोड बघायला सांगा, डाउनलोड नाही. व्हिडिओ कॉलला 3-4 एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर बास झालं. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट जोडीला ठेवा.

मग पोचल्यावर विचारणं कधी बरोबर? तिकडे गेल्यावर कोणी आजारी पडलं तर, तेव्हा पर्यायच नसतो. पण तेव्हा मेल नाही, फोन करा, आणि तीन आठवडे एकदम मागू नका, या आठवड्यापुरतं मागा. आणि दिवसभर हॉस्पिटलमध्येच असणार असाल तर सरळ रजा वाढवून घ्या, कारण अर्धवट काम सगळ्यांना दिसतं आणि पुढच्या वेळी "तुझं मागच्या वेळी कसं झालं होतं" हे ऐकावं लागतं.

गाव दुसऱ्या देशात असेल तर मात्र ही तुलनाच लागू नाही, आधीच विचारायचं. तिथे नुसत्या मॅनेजरच्या होकाराला अर्थ नसतो, टॅक्स, व्हिसावर काम करायला चालतं का, कंपनीचा डेटा त्या देशातून उघडता येतो का, हे सगळं एचआर आणि आयटीकडे जातं आणि त्याला आठवडे लागतात. काही कंपन्यांत परक्या देशातून लॉगिन दिसलं की अकाउंट आपोआप बंद होतं.

घाईत असाल तर माझं मत: निघायच्या तीन आठवडे आधी, दोन आठवडे मागा. परतीचं तिकीट रजेच्या शेवटाचंच काढा पण तारीख बदलता येईल असं, आणि लेखी होकार येईपर्यंत बदलू नका. निघायच्या आदल्या दिवशी पासवर्ड बदला आणि सिस्टिममध्ये त्या आठवड्यांची विनंती टाकून, मंजूर दिसल्यावरच लॅपटॉप बॅगेत भरा.