ले द ड्रॉ: गोल पडल्यावर सगळीकडे हिरवं करायचं की फक्त ड्रॉ शून्यावर आणायचा?

बेटिंग एक्सचेंजवर फुटबॉल मॅच सुरू होण्याआधी ड्रॉ ले केला, गोल पडला, ड्रॉचा भाव वर गेला. इथवर सगळ्यांची गोष्ट एकच असते. खरा निर्णय त्यानंतर येतो: बॅक किती लावायचा? हा आकडा चुकला की चांगला ट्रेडही भलत्याच निकालावर जाऊन बसतो.

एकच उदाहरण धरू. किक-ऑफआधी ड्रॉ ३.६०ला १००० युनिटने ले केला. मॅच ड्रॉ सुटली तर २६०० जाणार, ही आपली लायबिलिटी. दोन्हींपैकी कुठलाही संघ जिंकला तर १००० मिळणार. तिसाव्या मिनिटाला फेव्हरिटने गोल केला आणि ड्रॉचा भाव ५.०० झाला. आता चार वाटा आहेत:

| काय केलं | बॅक स्टेक | ड्रॉ सुटली तर | कुणीही जिंकलं तर |
|---|---|---|---|
| काहीच नाही | ० | −२६०० | +१००० |
| ड्रॉ शून्यावर | ६५० | ० | +३५० |
| पूर्ण ग्रीन-अप | ७२० | +२८० | +२८० |
| ले इतकाच बॅक | १००० | +१४०० | ० |

पूर्ण ग्रीनचा हिशोब एका ओळीचा आहे: ले स्टेक गुणिले ले भाव, भागिले आताचा बॅक भाव. १००० × ३.६० ÷ ५.०० = ७२०. ड्रॉ फक्त शून्यावर आणायचा असेल तर लायबिलिटीला भावातून एक वजा करून भागायचं: २६०० ÷ ४ = ६५०. म्हणजे दोन्हींत फरक अवघा ७० युनिटचा. ते ७० म्हणजे ड्रॉसाठी घेतलेला विमा समजा. हप्ता ७०, आणि ड्रॉ झालीच तर हातात २८०.

शेवटची ओळ मुद्दाम ठेवली, कारण सुरुवातीला मी हीच चूक केली होती. हजाराने ले केलंय तर हजाराने बॅक केलं की व्यवहार बंद, असं डोक्यात पक्कं होतं. स्क्रीनवर दोन्ही संघांपुढे ० आणि ड्रॉपुढे मोठा हिरवा आकडा दिसला तेव्हा आधी खूश झालो. मग लक्षात आलं की ज्या ड्रॉच्या विरोधात उतरलो होतो, तीच व्हावी म्हणून आता बसलोय. ती झाली नाही आणि अख्ख्या ट्रेडमधून दमडी आली नाही.

आता यातलं चांगलं कुठलं? ५.००चा भाव बरोबर आहे असं मानलं तर ड्रॉची शक्यता २० टक्के. मग सरासरी काढा. पूर्ण ग्रीनमध्ये २८०. ड्रॉ शून्यावर ठेवला तर ३५०चे ८० टक्के, म्हणजे पुन्हा २८०. सगळं ड्रॉवर टाकलं तर १४००चे २० टक्के, तेही २८०. काहीच न करता बसलात तरी ८०० वजा ५२०, म्हणजे २८०च. नफा भाव ३.६०वरून ५.००वर गेला तेव्हाच झाला. ग्रीन-अप फक्त तो कुठल्या निकालावर किती ठेवायचा हे ठरवतो.

फरक पडतो तो कमिशनमुळे. ते त्या मार्केटच्या निव्वळ नफ्यावर लागतं. ५ टक्के धरू. पूर्ण ग्रीनचे २८० होतात २६६, ड्रॉ शून्यावर ठेवला तरी सरासरी २६६. पण उघडं ठेवून बसणाऱ्याला जिंकल्यावर १०००चे ९५० मिळतात आणि हरल्यावर २६०० पूर्ण जातात. त्याची सरासरी २४०वर येते. बंद करताना बॅक आणि ले भावांतली फट मोजावी लागते हे खरं, पण ती लहान असेल तर उघडं बसण्यात पैशाच्या हिशोबाने काही शहाणपण उरत नाही.

म्हणून माझं मत असं: ५.०० या भावाशी तुमचं भांडण नसेल तर पूर्ण ग्रीन करा आणि मोकळे व्हा. पुढे असलेला संघ दुसरा गोल करणार असं दिसत असेल, म्हणजे ड्रॉची शक्यता २० टक्क्यांहून कमी वाटत असेल, तर ड्रॉ शून्यावर ठेवणं योग्य. नुसतं ‘जास्त मिळतंय’ म्हणून ते निवडू नका.

प्रत्यक्षात ७२० एका फटक्यात मॅच होतातच असं नाही. गोलनंतर मार्केट सस्पेंड होतं आणि उघडल्यावर पहिली काही सेकंद भावांत मोठी फट असते. मी व्हीएआर संपून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत हात लावत नाही. समजा ५.००ला ३००च मॅच झाले आणि भाव ४.८०वर आला. उरलेले ४२० तसेच टाकले तर तोल बिघडेल. इथे स्टेक गुणिले भाव मोजा. लेच्या बाजूला ३६००, बॅकच्या बाजूला ३०० × ५ = १५००, बाकी २१००. त्याला ४.८०ने भागलं की ४३७.५०. आता दोन्हीकडे २६२.५० येतात. `Cash Out` बटण हेच करतं, पण त्यात दाखवलेली रक्कम हाताने काढलेल्या आकड्याशी एकदा ताडून पाहा.

इथवरचं सगळं फेव्हरिटने गोल केला म्हणून. याच मॅचमध्ये दुबळ्या संघाने गोल केला असता तर फेव्हरिट बरोबरी साधेल या अपेक्षेने भाव ४.००च्या आसपासच गेला असता. तेव्हा बॅक ९०० आणि ग्रीन अवघा १००. फेव्हरिट फारच तगडा असेल तर दुबळ्याच्या गोलनंतर ड्रॉचा भाव चक्क खाली येतो, कारण आता बरोबरी ही आधीपेक्षा जास्त शक्य झालेली असते. गोल होऊनही स्क्रीन लाल. त्यामुळे अगदीच एकतर्फी लढतीत ड्रॉ ले करणं मी टाळतो. तिथे सुरुवातीचा भावही चढा असल्याने लायबिलिटी आणखी फुगते.

आणि गोलच झाला नाही तर? ०-० असताना पंचावन्नाव्या मिनिटाला भाव साधारण २.४० असेल. सूत्र तेच: ३६०० ÷ २.४० = १५०० बॅक, सगळीकडे ५००चा तोटा. पासष्टाव्या मिनिटापर्यंत थांबलात आणि भाव २.०० झाला, तर १८०० बॅक आणि तोटा ८००. दहा मिनिटांची वाट ३००ला पडते. मधल्या वेळात गोल पडला तर हाच ट्रेड हिरवा होतो, म्हणून थांबणं मूर्खपणाचं नाही. ती किंमत आहे एवढंच. पण २६६चे दोन ग्रीन मिळून ५३२, म्हणजे पंचावन्नाव्या मिनिटाचा एक लाल जेमतेम भरून निघतो. पासष्टाव्या मिनिटाच्या एका लालला तीन ग्रीनही पुरे पडत नाहीत, दोन युनिट कमीच पडतात. बाहेर पडायचं मिनिट म्हणूनच मी ले करण्याआधी कागदावर लिहितो, आणि त्याच्या शेजारी त्या मिनिटाला किती जाईल तो आकडा.