अंधुक वर्कशीटचा फोटो: आधी शंकेचे गोल, मग उत्तर. 7 महिने करून बघितल्यावरचा अनुभव

मी सांगलीत विश्रामबागला घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. निम्मी पोरं तासगाव, कवठेमहांकाळ, माधवनगरची, त्यामुळं रात्री 9 नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्कशीटचे फोटो सुरू होतात, "मॅडम हे येत नाहीये". वर्कशीट झेरॉक्सची झेरॉक्स, घरात एकच बल्ब, पोरगं मांडीवर पान ठेवून एका हातानं फोटो काढतंय, मग अजून काय येणार. अगदी वाचताच येत नाही असंही नसतं, बहुतेक सगळं वाचता येतं आणि तिथंच घात होतो, कारण एखादाच आकडा पुसट असतो आणि डोळा तो आपोआप भरून टाकतो.

मागच्या जुलैपासून मी एक पद्धत लावून घेतलीय. फोटो आला की पेन हातात घ्यायचं नाही. आधी पूर्ण पान वाचायचं, जिथं खरोखर दोन वाचनं होऊ शकतात तिथं मोबाईलच्या मार्कअपनं लाल गोल करायचा, बाजूला दोन्ही पर्याय लिहायचे, `[6|8]` असं, तो फोटो परत पाठवून विचारायचं आणि मगच गणिताला हात लावायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण मला ते धड जमायला तीन महिने गेले, आणि हे लिहायला बसले ते त्या तीन महिन्यांसाठीच.

पहिल्या महिन्यात मी एकेका पानावर चौदा-पंधरा गोल करायचे. जरा वाकडा छापलेला आकडा दिसला की गोल. पोरं कंटाळली, एकानं तर उत्तरच दिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी क्लासला येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळंच विचारताय की." बरोबरच होतं त्याचं. घाणेरडा दिसणारा आकडा वेगळा आणि शंकेचा आकडा वेगळा. आता माझी कसोटी एवढीच, ह्या डागाजागी दुसरा कुठला आकडा असता तर तो पण असाच दिसला असता का? नसता, तर गोल नाही. हे ठरवायला त्याच पानावरचा तोच आकडा दुसरीकडं शोधायचा. प्रश्न क्रमांक 6, पान नंबर, गुण, कुठंतरी असतोच. तो स्वच्छ 6 ह्या डागाशेजारी ठेवून बघितला की निम्म्या शंका तिथंच मिटतात.

पण खरी चावी मला ऑक्टोबरात सापडली, ती म्हणजे फोटो कुठल्या दिशेनं हललाय ते बघणं. कमी उजेडात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्यात हात हलतो. हात आडवा हलला तर उभ्या रेघा पसरून फिक्या होतात आणि आडव्या रेघा जशाच्या तशा राहतात, उभा हलला तर उलटं. दिशा ओळखायची कशी? पानावरचा कुठलाही ठिपका बघायचा, पूर्णविराम, प्रश्न क्रमांकापुढचा ठिपका, काहीही. ठिपक्याची आडवी रेघ झालीय म्हणजे हात आडवा हललाय.

आता ह्याचा उपयोग बघा. 5 आणि 6 मध्ये फरक कशाचा, तर खाली डावीकडच्या उभ्या बाजूचा. 6 आणि 8 मध्ये वर उजवीकडच्या उभ्या बाजूचा. 3 आणि 8 मध्येही डावीकडच्या उभ्या बाजूंचाच. अधिक आणि वजा चिन्हात तर सरळसरळ एका उभ्या रेघेचाच फरक. म्हणजे आडव्या हललेल्या फोटोत हे सगळे संशयित, आणि अधिकचं वजा झालेलं असू शकतं. उभ्या हललेल्या फोटोत हे बऱ्यापैकी भरवशाचे, पण तिथं 1 आणि 7, 0 आणि 8 ह्यांच्यावर नजर ठेवायची कारण त्यांच्यातला फरक आडव्या रेघेचा, आणि वजाचं चिन्ह किंवा अपूर्णांकाची रेघ तर पार उडून जाऊ शकते. फोकसच चुकला असेल तर दिशा नसते, ठिपका गोलच राहतो पण मोठा होतो, आणि 6, 8, 9 ची पोटं भरून येतात. काही पानांवर देवनागरी आकडे असतात, त्यांना हा हिशोब बसत नाही, तिथं मी १ आणि ९, ४ आणि ५ एवढ्या दोन जोड्या डोळ्यात तेल घालून बघते.

एक प्रसंग सविस्तर सांगते. जानेवारीत तासगावच्या एका मुलीचा फोटो आला, वर्गसमीकरणांचं वर्कशीट. दुसरं उदाहरण मला असं दिसलं,

`x² - 5x + 6 = 0`

दिसलं म्हणजे काय, डोळ्यानं वाचून टाकलं. ह्या समीकरणाची मुळं 2 आणि 3, शंभर वेळा शिकवलेलं उदाहरण, हात लगेच लिहायला जातो. पण प्रश्न क्रमांकापुढचा ठिपका बघितला तर त्याची छोटी आडवी काडी झालेली. म्हणजे आडवा हललेला फोटो, म्हणजे 6 वर विश्वास नाही आणि चिन्हांवरही नाही. झूम केलं तर शेवटच्या आकड्याच्या वर उजवीकडं नुसता करडा पट्टा, मोकळी जागा आहे की रेघ पसरलीय काही कळेना. शेवटच्या पदाआधीचं अधिक चिन्ह मात्र पक्कं होतं, उभी रेघ फिकी का होईना पण वर-खाली दोन्हीकडं दिसत होती. 5x च्या आधीच्या चिन्हाला तशी छटा पुसटशी होती किंवा नव्हती. आणि 5 चं काय? 5 सुद्धा उभ्या बाजूवरच अवलंबून, पण खाली डावीकडं कागद स्वच्छ पांढरा होता, तिथं रेघ असती तर करडं दिसलंच असतं, म्हणून 5 ला गोल नाही. तर दोनच गोल झाले,

`x² [-|+] 5x + [6|8] = 0`

इथं एक मोह असतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका त्याच्यामुळंच होतात. मन म्हणतं, अगं 6 घेतला तर सुटसुटीत अवयव पडतात, 8 घेतला तर पडत नाहीत, मग 6 च असणार. पण वर प्रश्न काय होता, तर विवेचक काढून मुळांचे स्वरूप ठरवा. असल्या प्रश्नात मुद्दाम न सुटणारी समीकरणं देतात. 6 असेल तर विवेचक 25 − 24 = 1, मुळं वास्तव आणि असमान. 8 असेल तर 25 − 32 = −7, मुळं वास्तव संख्या नाहीत. उत्तर पूर्ण उलटं. आणि मधल्या चिन्हाची शंका खरी असली तरी ह्या प्रश्नापुरती बिनमहत्त्वाची, कारण विवेचकात 5 चा वर्गच येतो. तरी मी तिला दोन्ही विचारलं, खालीच पुढचा प्रश्न मुळं काढायचा असला तर चिन्ह लागणारच. तिनं पान बघून लिहिलं, "मॅडम वजा आहे आणि 8 आहे." 8 होता!

उत्तर छान येतंय म्हणून आकडा तोच, हे किती फसवं आहे ते बघायचं असेल तर त्याच 5 आणि 6 ची चिन्हं बदलून बघा. `x²+5x+6`, `x²-5x+6`, `x²+5x-6`, `x²-5x-6`, चारही समीकरणांचे पूर्णांकात अवयव पडतात. म्हणजे चिन्ह चुकीचं वाचलं तरी उत्तर गुळगुळीत येणार आणि तुम्हाला कुणी सांगणारही नाही. शब्दाचं तसं नसतं, "सोडवा" मधलं "ड" पुसट असलं तरी बाकीची अक्षरं त्याला धरून ठेवतात. आकड्याला शेजारी कुणी धरून ठेवत नाही.

विचारायचं कसं हेही शिकावं लागलं. आधी मी विचारायचे "इथं 6 आहे ना?" आणि पोरं म्हणायची "हो मॅडम". पान न बघताच. मॅडम म्हणतायत म्हणजे असेलच. आता मी नेहमी दोन्ही पर्याय देते, आणि जास्तच शंका असेल तर काहीच सुचवत नाही, फोन करून "ती ओळ मला वाचून दाखव" म्हणते. "क्लिअर फोटो पाठव" हे मी जवळपास सोडून दिलंय, त्याच बल्बखाली तसाच दुसरा फोटो येतो. मागवायचाच असेल तर पान टेबलावर ठेव, दोन्ही कोपर टेकव आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव असं सांगते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यानं व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबत नाही एवढाच फायदा, हललेला फोटो त्यानं स्थिर होत नाही.

स्कॅनर अ‍ॅपबद्दलही बोलते कारण बरेच पालक ते सुचवतात. काळं-पांढरं करणारा फिल्टर लावला की पान दिसतं झकास, पण करडा भाग त्यानं स्वतःच काळा किंवा पांढरा ठरवून टाकलेला असतो. म्हणजे शंका गेली नाही, शंकेचा पुरावा गेला. ह्याचं मोठं उदाहरण 2013 सालचं आहे, डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन माणसाला दिसलं की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनवर स्कॅन केलेल्या घराच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळंच बदलतायत, आणि आकड्यांच्या तक्त्यात 6 चे 8 होतायत. मशीन जागा वाचवायला सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होतं. आकडा अगदी स्वच्छ, ठळक, आणि चुकीचा. म्हणून मी पोरांना मूळ फोटोच मागते, फिल्टरवाला नको, करडं दिसू दे मला.

सात महिन्यांनंतर एका पानावर माझे दोन-तीन गोल असतात, कधी एकही नाही. उत्तर यायला उशीर झाला आणि एकच शंका असेल तर दोन्ही आकडे धरून दोन्ही उत्तरं लिहून ठेवते. दोन शंका एकाच उदाहरणात असतील तर चार गणितं होतात, तिथं थांबते.

एक गोष्ट मात्र अजून नीट हाती लागलेली नाही, ती दशांश चिन्हाची. पुसट आकडा निदान डाग म्हणून तरी दिसतो, उडून गेलेला ठिपका काहीच मागं ठेवत नाही, 3.5 चा 35 होतो आणि गोल करायला तिथं काही नसतंच. सध्या मी दोन आकड्यांमधली जागा बघते, छापील पानावर ठिपक्यासाठी सोडलेली फट शेजारच्या दोन आकडी संख्येतल्या फटीपेक्षा जरा रुंद असते. हातानं लिहिलेल्या वर्कशीटवर तेही चालत नाही, तिथं मी मोजमापाचा प्रत्येक आकडा फोनवर वाचूनच घेते.