ओडीचं व्याज: बाकीवर मोजायचं की व्यवहारावर?

ओव्हरड्राफ्टचं वर्षभराचं व्याज प्रॉडक्ट पद्धतीने काढायला बसलं की दोन रस्ते दिसतात. पहिल्यात खात्याची बाकी जितके दिवस हलली नाही तितक्या दिवसांनी तिला गुणायचं. दुसऱ्यात बाकीकडे बघायचंच नाही. प्रत्येक उचल आणि प्रत्येक भरणा आपापल्या तारखेपासून वर्षअखेरपर्यंतच्या दिवसांनी गुणायचा आणि उचलीच्या प्रॉडक्टमधून भरण्याचे प्रॉडक्ट वजा करायचे. पुढचं सूत्र दोन्हीकडे तेच: प्रॉडक्टची बेरीज गुणिले दर, भागिले ३६५००. लीप वर्षात ३६५ धरायचे की ३६६, ते करारात बघून घ्या.

मी बरीच वर्षं दुसऱ्या रस्त्याने गेलो. सोपा वाटायचा, आणि काही बाबतींत आहेही.

एक खातं घेऊ. दर १० टक्के, व्याज वर्षाअखेरीस एकदाच. १ जानेवारीला २,००,००० नावे बाकी. १५ मार्चला १,००,००० ची उचल, १० मे रोजी ३,५०,००० चा भरणा, ९ जूनला २,५०,००० ची उचल, १ ऑक्टोबरला ८०,००० चा भरणा. दिवसअखेरची बाकी धरायची, म्हणजे व्यवहाराचा दिवस नव्या बाकीत जातो.

बाकीवार मांडणी अशी होते:

| पासून | बाकी | दिवस | प्रॉडक्ट |
|---|---|---|---|
| १ जानेवारी | २,००,००० नावे | ७३ | १,४६,००,००० |
| १५ मार्च | ३,००,००० नावे | ५६ | १,६८,००,००० |
| १० मे | ५०,००० जमा | ३० | – |
| ९ जून | २,००,००० नावे | ११४ | २,२८,००,००० |
| १ ऑक्टोबर | १,२०,००० नावे | ९२ | १,१०,४०,००० |

नावे प्रॉडक्टची बेरीज ६,५२,४०,०००. व्याज १७,८७३.९७.

आता तेच खातं व्यवहारवार. सुरुवातीची बाकी पूर्ण ३६५ दिवस, मार्चची उचल २९२ दिवस, जूनची २०६ दिवस. तिन्ही मिळून १५,३७,००,०००. भरण्यांपैकी मेचा २३६ दिवस आणि ऑक्टोबरचा ९२ दिवस, मिळून ८,९९,६०,०००. वजाबाकी ६,३७,४०,०००, म्हणजे व्याज १७,४६३.०१.

फरक ४१०.९६ चा. असाच एक फरक माझ्या खात्यात आला तेव्हा दोन संध्याकाळी मी तारखा पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो. सुट्टीचा दिवस कुठे चुकला का, चेकची तारीख भरल्याची धरली की वटल्याची, सगळं उकरून झालं. बँकेचा आकडा माझ्यापेक्षा जास्त होता, त्यामुळे चूक तिकडचीच असणार अशी माझी खात्री पटत चालली होती. शेवटी कंटाळून फरकच उलटा फिरवला: ४१०.९६ ला ३६५०० ने गुणलं, १० ने भागलं, तर जवळपास नेमके १५ लाख प्रॉडक्ट निघाले. ५०,००० गुणिले ३० दिवस. (आकडे वरच्या उदाहरणातले देतोय, पण प्रकार हुबेहूब हाच होता.) मेमधला भरणा देण्यापेक्षा मोठा होता आणि खातं महिनाभर जमेत गेलं होतं.

व्यवहारवार पद्धतीला हे कळतच नाही. उचल आणि भरणा तिच्या लेखी एकाच दराने एकमेकांना खातात. म्हणून जमा बाकीच्या त्या तीस दिवसांवर तिने मला १० टक्क्यांनी व्याज देऊन टाकलं, आणि तेही गुपचूप. ओडी खात्यात जमा बाकीवर सहसा व्याज मिळत नाही; कुठे मिळालंच तर ते उचलीच्या दराने नक्कीच नसतं. मला खुपलं ते चुकीच्या आकारापेक्षा तिचं गप्प राहणं. कागदावर सगळं जुळलेलं दिसतं. खातं कधी जमेत गेलं होतं का, हे तपासायचं तर प्रत्येक व्यवहारानंतरची बाकी काढावी लागते. आणि बाकी काढलीच, तर तिला तिथल्या तिथे दिवसांनी गुणायला काय हरकत आहे?

दिवस मोजण्यातही थोडं असंच होतं. बाकीवार मांडणीत दिवसांच्या स्तंभाची बेरीज ३६५ आली नाही तर कुठेतरी घसरलोय हे लगेच दिसतं. व्यवहारवार मांडणीत ३६५, २९२, २०६ या आकड्यांची बेरीज कशाशीच जुळवता येत नाही. सगळ्या ओळींत अखेरची तारीख एक दिवस अलीकडे धरली, तर शेवटच्या बाकीचं एका दिवसाचं व्याज, इथे ३२.८८, हातातून निसटतं आणि कुठलीही बेरीज बोंब मारत नाही. अर्थात बाकीवार मांडणी सगळंच पकडते असं नाही. १५ मार्चऐवजी १६ मार्च लिहिलं तर आधीच्या ओळीत एक दिवस वाढतो, पुढच्या ओळीत एक कमी होतो आणि बेरीज ३६५ च राहते.

दुसरीची बाजूही मांडायला हवी. २० ऑगस्टची २०,००० ची उचल नोंदवायची राहिली असं जानेवारीत कळलं, तर व्यवहारवार पद्धतीत एकच ओळ वाढते: २०,००० गुणिले १३४ दिवस, व्याजात ७३४.२५ ची भर, काम संपलं. बाकीवार मांडणीत जूनची ओळ फोडावी लागते, पुढची प्रत्येक बाकी बदलते, आणि हाताने करत असाल तर खोडाखोड ठरलेली. खातं वर्षभर एकदाही जमेत जाणार नाही याची खात्री असेल आणि व्याज एकदाच लागत असेल, तर दोन्ही उत्तरं अगदी पैशापर्यंत जुळतात. तेव्हा सवयीची असेल ती वापरावी, माझं काही म्हणणं नाही.

पण व्याज दरमहा किंवा तिमाहीला नावे पडत असेल, आणि बहुतेक खात्यांत तसंच असतं, तर मुद्दा पुन्हा पहिलीकडे झुकतो. नावे पडलेलं व्याज ही स्वतःच एक उचल असते. बाकीवार मांडणीत त्या तारखेला आतापर्यंतच्या प्रॉडक्टची बेरीज करायची, व्याज बाकीत मिळवायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. व्यवहारवार पद्धतीत 'वर्षअखेरपर्यंतचे दिवस' ही कल्पनाच मोडते. दर महिन्याला अखेरची तारीख बदलून नवा हिशेब मांडायचा, म्हणजे वर्षात बारा वेळा. मध्येच दर बदलला तरी तीच गत. बाकीवार मांडणीत दर बदलल्याच्या दिवशी ओळ तोडली की झालं.

मी आता बँकेच्या उताऱ्यातली बाकी जशीच्या तशी उतरवून घेतो, शेजारी दिवस लिहितो, आणि जमा बाकीच्या ओळीत प्रॉडक्टच्या जागी रेघ मारतो. व्यवहारवार गुणाकार अगदीच सोडलेला नाही. आणखी अमुक रक्कम उचलली तर अखेरीस व्याज कितीने वाढेल, एवढंच हवं असेल तेव्हा तो अजूनही पाकिटाच्या पाठीवर करतो.